पहिलाच परदेश प्रवास, दोघंच : ग्रुप टूर की आपलं आपण?

शहापूरची_सून

नमस्कार मंडळी. इथं वाचत असते, लिहायची ही पहिलीच वेळ.

पुढच्या वर्षी मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतील. मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरूला. दोघांनी ठरवलंय की आई-बाबांना युरोपला पाठवायचं. ह्यांचं वय ५४, उद्यमबागेत लहानसं मशीन शॉप आहे. मी ४९. आत्तापर्यंतचा आमचा सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे काशी, तोही चुलत सासऱ्यांच्या मंडळीबरोबर.

ह्यांनी एका टूरवाल्याचं पत्रक आणलंय. १० दिवस, ८ देश. पॅरिस, ब्रुसेल्स, ॲमस्टरडॅम, कलोन, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, इन्सब्रुक, व्हेनिस, रोम. माणशी ३ लाख १५ हजार, वर टॅक्स वगैरे. मुलगी म्हणते, आई एवढ्या पैशात तुम्ही दोघं नुसत्या स्वित्झर्लंडमध्ये आठ दिवस आरामात राहाल, मी सगळं बुक करून देते. हे म्हणतात, तिथं गाडी चुकली तर विचारायचं कुणाला?

ह्यांना बीपीची गोळी आहे, माझा उजवा गुडघा जिने चढताना कुरकुरतो. मी शाकाहारी, हे बुधवार-रविवार. इंग्रजी ह्यांचं कामापुरतं, माझं वाचण्यापुरतं. तुम्ही काय केलं असतं?

हलग्याचा_पैलवान

ग्रुप टूर. डोळे झाकून. रात्रीला भात-आमटी मिळते की, अजून काय पाहिजे.

टिळकवाडीकर

ताई, अभिनंदन. आम्ही नवरा-बायको २०२४ च्या जूनमध्ये आपलं आपण स्वित्झर्लंड करून आलो. मी ५८, बायको ५३. त्याच्या आधी एकदा ग्रुपबरोबर युरोपही झालं होतं, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो.

आधी ते पत्रक घ्या आणि देश मोजण्याऐवजी किलोमीटर मोजा. पॅरिसहून ब्रुसेल्स साधारण ३१० आणि तिथून ॲमस्टरडॅम २१०, हे बहुतेक एकाच दिवसात. ॲमस्टरडॅम ते कलोन २६५. कलोनहून खाली ब्लॅक फॉरेस्टकडे चारशेच्या वर. ल्युसर्न ते इन्सब्रुक ३००, इन्सब्रुक ते व्हेनिस ४०० च्या आसपास, व्हेनिस ते रोम ५०० च्या वर. बेळगाव ते बेंगळुरू ५०० किलोमीटर आहे. म्हणजे सुट्टीतले निम्मे दिवस तुम्ही आपल्या हायवेवरून बेंगळुरू गाठताय असं धरा, फक्त खिडकीबाहेर हुबळी-दावणगेरेऐवजी जर्मनी.

१० दिवसांतला पहिला विमानात जातो, शेवटचा परतीत. उरले आठ. त्यात रोज सकाळी साडेसहाला बॅगा खोलीबाहेर, साडेसातला बसमध्ये. हे वाईट असं मी म्हणत नाही. आमच्या बसमध्ये सत्तरीचे एक जोडपं होतं, ते रोज खुशीत. माझ्या बायकोला मात्र चौथ्या दिवशी आपण कुठल्या देशात आहोत हे हॉटेलच्या साबणावर वाचावं लागलं.

चोर्ला_घाट

साबणावर 😂 आमच्या आईचं तसंच झालं. फोटो दाखवताना म्हणते, "हे बघ, हे कुठलंतरी चर्च."

खानापूरची_मावशी

मी वेगळं सांगते. आम्ही ग्रुपनं गेलो होतो, तिसऱ्या दिवशी ह्यांचा पाय बसच्या पायरीवरून सटकला आणि मनगट मोडलं. टूर मॅनेजरनं दवाखाना, प्लास्टर, इन्शुरन्सचा फोन, सगळं केलं. मला तर जर्मन सोडा, इंग्रजीत मनगटाला काय म्हणतात तेही त्या क्षणी आठवेना. दोघंच असतो तर मी रस्त्यावर बसून रडले असते. पहिल्या वेळेला माणूस बरोबर पाहिजे. पैसे त्याचेच देतो आपण.

निपाणीचा_पाहुणा

मी नऊ वर्षं युरोपच्या बसेसवर टूर मॅनेजर म्हणून काम केलं, कोविडनंतर सोडलं, आता निपाणीत वडिलांचं दुकान बघतो. दोन्ही बाजूंनी बोलतो.

मावशी, तुमचा मॅनेजर चांगला होता आणि तुमचं नशीबही. मनगट मोडलं, दोन तासांत प्लास्टर झालं, बस थांबली. पण समजा त्यांना दवाखान्यात तीन दिवस ठेवलं असतं, तर मॅनेजर थांबला नसता. त्याच्यामागं चाळीस माणसं आणि पुढच्या गावातलं हॉटेल असतं. तो तुम्हाला तिथल्या स्थानिक एजंटच्या हवाली करतो, इन्शुरन्सवाल्यांचा नंबर देतो आणि बस निघते. मी स्वतः दोनदा असं सोडून गेलोय, एकदा मिलानजवळ, एकदा पॅरिसला. दोन्ही वेळा झोप लागली नाही, पण दुसरा इलाज नव्हता. म्हणून ग्रुप असो की एकटे, इन्शुरन्सचा कागद नीट घ्यायचा. बीपी आहे हे फॉर्मवर लपवायचं नाही. लपवलं तर नेमकं क्लेमच्या वेळी बाहेर येतं.

आता पत्रक कसं वाचायचं ते सांगतो. त्यात तीन प्रकारचे शब्द असतात. "भेट" लिहिलं असेल तर तुम्ही आत जाणार, तिकीट त्यात आलं. "फोटो स्टॉप" म्हणजे बस थांबणार, दहा-पंधरा मिनिटं, खाली उतरा, फोटो काढा, चढा. "पाहत जाऊ" किंवा "ओरिएंटेशन" म्हणजे बस थांबणारच नाही, डावीकडे बघा म्हणेन तेव्हा डावीकडे बघायचं. लोक पत्रकात कोलोसिअम लिहिलंय म्हणून खूश होतात, तिथं गेल्यावर कळतं की बाहेरून. ताई, तुमच्या पत्रकावर पेन घेऊन बसा आणि फक्त "भेट" वर टिक करा. किती टिका पडतात ते इथं लिहा.

दुसरं हॉटेल. "पॅरिस" लिहिलं असेल आणि खाली बारीक "किंवा परिसर" असेल, तर ते शहरापासून पंचवीस-तीस किलोमीटर बाहेर, विमानतळाच्या बाजूला निघू शकतं. संध्याकाळी जेवून खाली फिरायला जाऊ म्हणाल तर समोर गोदाम आणि हायवे.

आणि एक, बस ड्रायव्हरचं. युरोपात साडेचार तास गाडी चालवली की त्याला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, दिवसाला ९ तासांच्या वर गाडी नाही, आठवड्यात फार तर दोनदा १०. रात्रीची विश्रांती वेगळी. हे सगळं त्याच्या गाडीतल्या यंत्रात नोंदलं जातं. त्यामुळे ट्रॅफिक लागलं तर वेळ कापायचा कुठून? तुमच्या शहरातल्या फिरण्यातून. "अर्धा तास थांबतो की दादा" हे तिथं चालत नाही.

हलग्याचा_पैलवान

म्हणजे स्वल्प ॲडजस्ट माडी चालत नाही.

निपाणीचा_पाहुणा

नाही अण्णा. मी विनवण्या करून बघितल्यात.

गोकाक_करदंट

ग्रुपवाल्यांचा खरा फायदा व्हिसा. ते सगळं करून देतात, आपल्याला कुठं जायला लागत नाही. आपलं आपण गेलं की बेंगळुरूला खेटे. शिवाय टूरवाले टीसीएस म्हणून जो आगाऊ कर कापून घेतात तो गेलाच म्हणून समजा, तेवढा पैसा पाण्यात.

टिळकवाडीकर

करदंटसाहेब, दोन्ही अर्धं बरोबर.

युरोपच्या शेंगेन व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं, ग्रुप असला तरी. कागद ते लावून देतील, बोटं तुमचीच. एकदा दिले की ५९ महिने चालतात, पुढच्या खेपेला सुटका होऊ शकते. आम्ही बेंगळुरूच्या व्हीएफएस व्हिसा केंद्रात रात्रीच्या बसनं गेलो, सकाळी काम झालं, लेकीकडे जेवलो, रात्रीच्या बसनं परत.

टीसीएस पाण्यात जात नाही. तुमच्या पॅनवर २६-एएस मध्ये दिसतो, रिटर्न भरताना करातून वजा होतो किंवा परत येतो. फक्त पैसे तेवढे महिने अडकतात. आमच्या ग्रुप टूरच्या वेळी ५ टक्के होता. दर बजेटमध्ये बदलत आलाय, तेव्हा आत्ताचा सीएला विचारा. पावती मात्र जो रिटर्न भरतो त्याच्या पॅनवर घ्या. आमची बायकोच्या नावावर घेतली होती आणि मग रिफंडसाठी तिचं रिटर्न नव्यानं भरत बसलो.

गोकाक_करदंट

५९ महिन्यांचं माहीत नव्हतं. पण खेटे तर झालेच ना एकदा!

रिटायर्ड_हेडमास्तर

सर्वप्रथम पासपोर्ट पाहावा. आपल्या भागात नावांचा घोळ फार. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर कन्नडमधून इंग्रजीत आलेलं स्पेलिंग, मतदार यादीत तिसरंच. माझ्या स्वतःच्या नावात एक "एच" जास्त असल्याने हुबळीच्या पासपोर्ट केंद्रात दोन वेळा जावे लागले. पत्नीच्या दाखल्यावर माहेरचं नाव, तो वेगळा अध्याय. आणि पासपोर्टवर ईसीआर शिक्का असेल तर बाहेर जाताच येत नाही, म्हणून दहावीचा दाखला लावावा.

ज्योती_अथणी

सर, ईसीआर फक्त नोकरीसाठी, तेही ठरावीक १८ देशांत जाणाऱ्यांना लागू. फिरायला जाणाऱ्याला काही अडत नाही. माझ्या सासूबाई चौथी पास, ईसीआरवाल्या पासपोर्टवर सिंगापूर करून आल्या.

चोर्ला_घाट

धागा युरोपचा, सर पोचले हुबळीला. 😄

रिटायर्ड_हेडमास्तर

युरोपला हुबळीवरूनच जावे लागते, बाळ.

ज्योती_अथणी

खाण्याचं कुणी बोललं नाही, म्हणून मी बोलते. ग्रुपमध्ये रात्री भारतीय जेवण मिळतं हे खरं, पण त्यासाठी बस कुठल्यातरी हॉटेलला सातच्या आत पोचवावी लागते. आम्ही तळघरात छोले खाऊन हॉटेलवर परतलो, आयफेल टॉवरचे दिवे राहिलेच. मे-जूनमध्ये तिथं अंधारच साडेनऊ-दहाला पडतो.

आपलं आपण असाल तर छोटं स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. स्वित्झर्लंडमध्ये कूप आणि मिग्रोची दुकानं गावोगाव. दूध, दही, ब्रेड, तांदूळ, टोमॅटो सगळं मिळतं. नळाचं पाणी पिता येतं, बाटली घेऊन पैसे घालवू नका. रविवारी दुकानं बंद असतात, फक्त मोठ्या स्टेशनातली उघडी. शनिवारी संध्याकाळी रविवारची सोय करायची, हे आम्ही विसरलो आणि एक रविवार मेतकूट-भातावर काढला. पोहे, मेतकूट, शेंगाचटणी, इन्स्टंट उपमा न्या.

हलग्याचा_पैलवान

कुंदा न्या कुंदा. गोऱ्यांना कळू दे बेळगाव काय आहे.

ज्योती_अथणी

कुंदा नको! बाहेरच्या देशांतून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला युरोपियन युनियनमध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये बंदी आहे. पेढे, तूप, कुंदा घरीच ठेवा.

हलग्याचा_पैलवान

माझा मेहुणा दीड किलो घेऊन गेला फ्रँकफर्टला. कुणी विचारलं सुद्धा नाही.

ज्योती_अथणी

विचारलं नाही म्हणजे चालतं असं नाही हो दादा.

चोर्ला_घाट

मिठाई म्हणून धरतात की दुधाचा पदार्थ म्हणून, यावर बेळगावच्या कोर्टात आणखी एक दावा चालेल. तारीख पे तारीख.

शहापूरची_सून

किती ही माहिती! सगळ्यांचे आभार.

निपाणीचे दादा, रात्री पेन घेऊन बसलो. पत्रकात ३१ ठिकाणांची नावं आहेत. "भेट" ११. त्यातली दोन म्हणजे चॉकलेटचं आणि घड्याळाचं दुकान. बाकी "फोटो स्टॉप" आणि "पाहत जाऊ". व्हेनिसला आणि पॅरिसला दोन्हीकडे खाली "किंवा परिसर". हे गप्प बसले. मग म्हणाले, "दुकानात जायला एवढ्या लांब कशाला, गणपत गल्ली काय वाईट?"

पण तरी ह्यांचं मन होत नाही. टिळकवाडीकर काका, तुम्ही आठ दिवस नेमके कसे काढले ते सांगाल का? आणि गाडी चुकली तर खरंच काय होतं?

टिळकवाडीकर

आम्ही दोनच मुक्काम ठेवले. तीन रात्री ल्युसर्न, पाच रात्री इंटरलाकेनच्या शेजारी विल्डर्सविल. आठ दिवसांत बॅग एकदाच भरली, गुडघ्याला याहून मोठं औषध नाही.

मुंबई-झुरिक थेट विमान. झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे, तिथून ल्युसर्नला सव्वा तासाच्या आत. ल्युसर्नहून एक दिवस बोटीनं फिट्झनाऊ, तिथून दातेरी चाकाच्या रेल्वेनं रिगी डोंगरावर. ही रेल्वे १८७१ सालची, युरोपातली पहिली डोंगर-रेल्वे. आमच्याकडं स्विस ट्रॅव्हल पास होता, त्यात बोट आणि रिगी दोन्ही आलं. पास दाखवायचा आणि चढायचं, तिकिटाच्या खिडकीवर इंग्रजी बोलायचा प्रश्नच आला नाही.

मग ल्युसर्न ते इंटरलाकेन गाडी, दोन तासांच्या आत, तळ्यांच्या कडेनं. विल्डर्सविलला खोली घरगुती, खाली बाई राहायच्या. आम्हा दोघांचा सगळा खर्च विमानासकट सव्वाचार लाखांच्या आसपास झाला. तेव्हा फ्रँक ९५ रुपयांच्या आगेमागे होता, आता वाढलाय. तुमचा आकडा जास्त येईल.

आता तुमच्या ह्यांच्यासाठी एकच गोष्ट सांगतो. युंगफ्राउयोख हे वरचं ठिकाण ३४५४ मीटरवर. पास असला तरी वरच्या टप्प्याचं तिकीट वेगळं, आणि मूळ भाडं माणशी दोनशे फ्रँकच्या वर. वर ढग असतील तर एवढे पैसे देऊन पांढरी भिंत बघायची. ग्रुपमध्ये आम्ही टिटलिस डोंगरावर गेलो होतो, ठरलेला वार, ठरलेली वेळ, वर दाट धुकं, हात पुढे केला तर बोटं दिसेनात. मॅनेजर बिचारा काय करणार, दुसऱ्या दिवशी इन्सब्रुकचं हॉटेल होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही तिकीट आधी काढलंच नाही. वरचे कॅमेरे मोबाइलवर थेट दिसतात. सोमवारी सकाळी सहाला बघितलं, ढग. मग त्या दिवशी लाउटरब्रुनेनचे धबधबे बघितले. मंगळवारी पुन्हा ढग, तळ्यातल्या बोटीवर बसून झोपा काढल्या. बुधवारी सकाळी बायकोनं मोबाइल दाखवला, वर लख्ख निळं. सातच्या गाडीला निघालो. पाच रात्री एका जागी असल्यानं हे जमलं. दोन रात्री असत्या तर नसतं जमलं. गर्दीच्या महिन्यात जागा राखून ठेवायला सांगतात, तीही आम्ही आदल्या संध्याकाळी अंदाज बघून केली.

वर हळू चाला. बीपीवाल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारून जावं. आम्ही दीड तासात खाली उतरलो, डोकं थोडं जड झालं होतं.

आणि गाडी चुकली. चुकली की हो, एकदा. स्पीट्सला बदलायची होती, आम्ही चुकीच्या बाजूला उभे. अर्ध्या तासानं पुढची आली. पासवर विशिष्ट गाडी लिहिलेली नसते, पुढच्यात बसायचं. तिथं रेल्वेचं ॲप आहे, कुठल्या फलाटावर, किती वाजता, सगळं दाखवतं. चुकण्याची भीती आपल्याला इथल्या सवयीनं असते. इथं लोंढ्याला गाडी चुकली की दिवस गेला.

खानापूरची_मावशी

लोंढ्याचं बोललात, आमचं माहेर तिथं. खरंय. पण काका, तुम्ही दोघं इंजिनिअर माणसं. सगळ्यांना ॲप जमत नाही.

टिळकवाडीकर

मावशी, मी एलआयसीतून निवृत्त. ॲप बायको बघायची. ती गृहिणी.

निपाणीचा_पाहुणा

मावशींचा मुद्दा सोडू नका. आपलं आपण जायचं म्हणजे कुणातरी एकाला निघायच्या आधी महिनाभर रोज तास-दीड तास बसावं लागतं, आणि तिथं गेल्यावर रोज संध्याकाळी उद्याचं बघावं लागतं. ग्रुपमध्ये हे काम मी करायचो. तुमच्या घरात ते कोण करणार हे आधी ठरवा. लेकीनं बुक केलं तरी ती बरोबर नसणार. मी पाहिलंय, नवरा-बायकोची भांडणं पैशावरून नाही, "तूच म्हणालीस डावीकडे" यावरून होतात. ग्रुपमध्ये दोघं मिळून मॅनेजरला शिव्या घालतात, तेवढाच सलोखा.

चोर्ला_घाट

नऊ वर्षं सलोख्याची सेवा. 🙏

कारवार_किनारा

मधला रस्ता आहे की. आपल्याकडच्या एजंटला सांगून फक्त दोघांपुरती टूर बनवून घ्यायची. हॉटेल, पास, व्हिसा तो करतो, फिरायचं आपलं आपण. आम्ही तसं केलं.

ज्योती_अथणी

चालतं, पण हॉटेलचं नाव बुकिंगच्या आधी लेखी घ्या. आम्हाला एकानं "इंटरलाकेनजवळ" म्हणून जे दिलं ते स्टेशनपासून बसनं चाळीस मिनिटं, शेवटची बस संध्याकाळी सातला. नकाशावर स्टेशनपासून पायी किती मिनिटं ते स्वतः बघा. त्या एका गोष्टीवर रोजचे दोन तास अवलंबून असतात.

गोकाक_करदंट

व्हिसा आपलं आपण करताना बँक खात्याचं काय? माझ्या भाच्याचा नाकारला. खात्यात सहा लाख होते.

टिळकवाडीकर

कधी आले होते ते सहा लाख?

गोकाक_करदंट

...अर्जाच्या आठवडाभर आधी. मामानं टाकले होते. मामा म्हणजे मी.

टिळकवाडीकर

मग उत्तर तुम्हीच दिलंत. ते खात्याची चाल बघतात, महिन्यामागून महिना. एकदम आलेली रक्कम असेल तर ती कुठून आली याचा कागद पाहिजे. मुलं खर्च करणार असतील तर मुलांचं पत्र, त्यांची स्टेटमेंट, नात्याचा पुरावा. शहापूरच्या ताईंना हे लागू होईल. बाकी मशीन शॉपचं जीएसटी रजिस्ट्रेशन आणि तीन वर्षांचं इन्कम टॅक्स रिटर्न, हे भक्कम कागद आहेत. इन्शुरन्स किमान ३०,००० युरोचा लागतो. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या, व्हिसा हातात येईपर्यंत.

शहापूरची_सून

चार दिवस लिहिलं नाही, घरात चर्चा चालू होती. काल लेक आली होती, मोबाइलवर त्या डोंगरावरचा कॅमेरा लावून दिला. हे अर्धा तास बघत बसले. मग म्हणाले, "स्वित्झर्लंड बरोबर आहे. पण आयफेल टॉवर बघितला नाही तर उद्यमबागेत सांगू काय? युरोपला गेलो म्हणून कोण मानेल?"

आता?

निपाणीचा_पाहुणा

हा प्रश्न मला दर टूरला यायचा, खोटं वाटेल.

यायचं विमान झुरिकला घ्या, परतीचं पॅरिसहून. झुरिक ते पॅरिस थेट वेगवान गाडी आहे, चार तास. सहा रात्री स्वित्झर्लंड, दोन पॅरिस. व्हिसाचा अर्ज स्वित्झर्लंडचाच, कारण जास्त रात्री तिथं. ही गाडी मात्र स्विस पाससारखी नाही, ठरलेल्या गाडीचं, ठरलेल्या जागेचं तिकीट. ती चुकवू नका. पॅरिसमध्ये हॉटेल मेट्रोच्या जवळ घ्या आणि खिसे सांभाळा. पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात. आमच्या टूरमध्ये सगळ्यात जास्त पाकिटं टॉवरच्या खालीच गेली.

टिळकवाडीकर

दोन रात्री कमी झाल्या तर डोंगरासाठी थांबायला जागा कमी होईल. ल्युसर्न एक रात्र कमी करा, विल्डर्सविल चार ठेवा. मला विचाराल तर पॅरिस पुढच्या वेळी. पण उद्यमबागेपुढं माझं काय चालणार.

खानापूरची_मावशी

मी अजूनही ग्रुपच म्हणेन. पण जा बाई, आणि गुडघ्याला पट्टा ने.

रिटायर्ड_हेडमास्तर

पासपोर्ट पाहिला का?

शहापूरची_सून

सर, तुमच्या आठवणीनं आत्ताच कपाटातून काढला. २०१९ मध्ये काढून ठेवलाय, कधी वापरलाच नाही. मुदत २०२९ पर्यंत आहे. माझा ठीक आहे. ह्यांच्यात सरनेमच्या पुढं काहीच नाही, पूर्ण नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं गिव्हन नेममध्ये एकत्र. हे चालतं का?

रिटायर्ड_हेडमास्तर

विमानाचं तिकीट काढताना संगणक आडनाव मागेल तेव्हा काय भरणार? काही देश रिकामं आडनाव असेल तर अडवतातही. व्हिसावर एक नाव, तिकिटावर दुसरं, असं होण्यापेक्षा री-इश्यूचा अर्ज आत्ताच करावा. आधारवर आडनाव स्वतंत्र आणि त्याच स्पेलिंगमध्ये आहे का, ते आधी पाहावे. नसल्यास प्रथम आधार, मग पासपोर्ट, मग इतर सर्व.

चोर्ला_घाट

सर, माझे शब्द मागे. युरोप हुबळीवरूनच.

शहापूरची_सून

आधारवर "पाटील" मध्ये दोन "ई" आहेत सर. बँकेत एक "आय". 🙈 हे आत्ता जेवून उठले की सांगते. मेपर्यंत होईल ना?

रिटायर्ड_हेडमास्तर

आज सुरू केल्यास होईल. उद्या सोमवार आहे. दाखला घेऊन निघा.